मिठाच्या पाण्याने दुखणं का थांबतं, आणि वनौषधीची चाचणी त्यात कशी अडकते

प्रश्न: सांधेदुखीवरच्या एका वनौषधीच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांना आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी, घेणाऱ्यांना जवळपास सारखाच आराम पडला, असं वाचलं. प्लासिबोने मेंदूत खरंच काही होतं, की लोक उगाच ‘बरं वाटतंय’ म्हणतात? आणि खरंच होत असेल, तर त्या वनौषधीत गुण नाही असं समजायचं का?

मेंदूत खरंच होतं, आणि ते मोजताही येतं. राहिला वनौषधीचा प्रश्न. अशा एका निकालावरून गुण आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. मी बरीच वर्षं औषधांच्या चाचण्यांचं काम करतो आहे आणि या पेचात स्वतः सापडलो आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

सुरुवात दाढेपासून करू. 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. शस्त्रक्रियेनंतर दुखायला लागल्यावर रुग्णांना प्लासिबो दिला. काहींचं दुखणं कमी झालं, काहींचं झालं नाही. मग नॅलोक्सोन दिलं. अफू किंवा मॉर्फिनचा अतिरेक झाला की उतारा म्हणून वापरतात ते हे औषध. मॉर्फिन पेशींवरच्या ज्या जागी जाऊन बसतं, त्या जागा ते अडवून धरतं. ज्यांना प्लासिबोने आराम पडला होता, त्यांचं दुखणं नॅलोक्सोन दिल्यावर वाढलं. ज्यांना आराम पडलाच नव्हता, त्यांच्यात तसा फरक पडला नाही.

या रुग्णांना मॉर्फिनचा थेंबही दिलेला नव्हता, तरी मॉर्फिनच्या उताऱ्याने त्यांचा आराम गेला. म्हणजे ‘आता औषध मिळालं’ या भरवशावर शरीराने आपलीच अफूसारखी द्रव्यं सोडली होती, आणि दुखणं त्यांनी दाबलं होतं. एंडॉर्फिन हे त्यांतलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. नॅलोक्सोन स्वतःच दुखणं वाढवत असेल, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो रास्त होता. पण पुढे इतर गटांनी वेगवेगळ्या प्रकारे हेच तपासलं आणि मूळ निष्कर्ष टिकला. 2005 साली मिशिगनमध्ये जॉन-कार झुबिएटा यांच्या गटाने पेट स्कॅनवर, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूतल्या हालचाली दाखवणाऱ्या स्कॅनवर, ही द्रव्यं प्लासिबो दिल्यावर मेंदूच्या कोणत्या भागांत कामाला लागतात, ते दाखवलं.

ही वाट वरून खाली जाते. कपाळामागचा मेंदूचा भाग अपेक्षा बांधतो. तिथून निरोप मेंदूच्या मधल्या देठात जातो, आणि तिथून मज्जारज्जूत, जिथे गुडघ्याकडून किंवा दाढेकडून आलेला वेदनेचा संदेश वर चढत असतो. तो संदेश तिथेच मंद केला जातो. 2009 साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी माणसाच्या मज्जारज्जूतली ही घट स्कॅनवर पकडली. त्यामुळे ‘लोक उगाच बरं वाटतंय म्हणतात’ हे निदान वेदनेच्या बाबतीत तरी खरं नाही. काही जण डॉक्टरांना बरं वाटावं म्हणूनही तसं सांगतात, तो भाग वेगळा.

वनौषधींच्या दृष्टीने मला याहून मोलाचा वाटतो तो इटलीतल्या तुरीनमधला प्रयोग. मार्टिना अमान्झिओ आणि फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी तो 1999 साली प्रसिद्ध केला. निरोगी माणसांच्या दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवायचा आणि त्या हाताने व्यायाम करायला लावायचा. हळूहळू असह्य कळ येते. कळ किती वेळ सोसवते ते मोजायचं. काही जणांना आधी मॉर्फिन दिलं, आणि नंतरच्या एका दिवशी त्याच्या जागी नुसतं मिठाचं पाणी टोचलं. त्या पाण्यानेही कळ जास्त वेळ सोसवली, आणि नॅलोक्सोन दिल्यावर हा फायदा नाहीसा झाला. दुसऱ्या काहींना मॉर्फिनऐवजी केटोरोलॅक दिलं. हे अफूच्या जातीचं नाही, रोजच्या वेदनाशामकांच्या जातीचं. पुढे त्याच्या जागी पाणी टोचल्यावरही आराम पडला, पण नुसत्या सवयीतून आलेल्या या आरामाला नॅलोक्सोनने धक्का लागला नाही. 2011 साली बेनेदेत्तींच्याच गटाने दाखवलं की हा दुसऱ्या जातीचा आराम रिमोनाबँटने थांबतो. गांजातली द्रव्यं पेशींवरच्या ज्या जागी जाऊन बसतात, त्या कॅनाबिनॉइड रिसेप्टर नावाच्या जागा हे औषध अडवतं.

म्हणजे ‘प्लासिबो इफेक्ट’ ही एक वस्तू नाही. आधी कोणत्या औषधाची सवय झाली आहे, त्याप्रमाणे शरीर वेगळी वाट धरतं. आता सांधेदुखीच्या चाचणीत येणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाऊन तो आलेला असतो. कुणाला त्यांनी चांगला आराम दिलेला, कुणाला नुसतं पित्त दिलेलं. एकाच चाचणीतल्या दोन माणसांना एकच खोटी कॅप्सूल दिली, तरी त्यांच्या शरीरात एकच गोष्ट घडेल याची खात्री नसते.

आता डोपामिन, हालचालींना आणि बक्षिसाच्या आशेला हातभार लावणारं मेंदूतलं रसायन. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं, त्यामुळे प्लासिबो तिथे काय करतो ते स्वच्छ दिसतं. 2001 साली व्हँकुव्हरमध्ये राउल दे ला फुएन्ते-फर्नांदेझ यांच्या गटाने पार्किन्सनच्या 6 रुग्णांना रॅक्लोप्राइड नावाचं किरणोत्सारी द्रव्य देऊन पेट स्कॅन केला. डोपामिन जिथे बसतं तिथेच हेही बसतं. मेंदूने स्वतःचं डोपामिन सोडलं की जागा भरतात, रॅक्लोप्राइडला जागा उरत नाही आणि स्कॅनवरची चमक कमी होते. या रुग्णांना औषधाच्या नावाखाली मिठाचं पाणी टोचल्यावर चमक लक्षात येण्याजोगी घटली. ज्या पेशी मरत चालल्यामुळे आजार झाला, त्यांतल्या उरल्यासुरल्या पेशींनी नुसत्या अपेक्षेवर डोपामिन बाहेर टाकलं होतं.

त्याच केंद्रातलं 2010 सालचं काम मी चाचणी आखणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो. रुग्णांच्या चार गटांना खरं औषध मिळण्याची वेगवेगळी शक्यता सांगितली: 25 टक्के, 50 टक्के, 75 टक्के आणि 100 टक्के. प्रत्यक्षात सगळ्यांना प्लासिबोच दिला. डोपामिनची ठळक वाढ फक्त 75 टक्के ऐकलेल्या गटात दिसली. शंभर टक्के खात्री दिलेल्यांत नाही, हे पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटतं. पण बक्षिसाची दाट आशा असावी आणि थोडी धाकधूक उरावी, अशा वेळी ही यंत्रणा जोरात चालते, हे डोपामिनच्या इतर अभ्यासांशी जुळतं. गट लहान होते, त्यामुळे 75 हा आकडा मंत्रासारखा धरू नये. मात्र संमतीपत्रात आपण ‘चारांपैकी तिघांना खरं औषध मिळेल’ असं लिहितो तेव्हा ते वाक्यही रुग्णाच्या मेंदूत काहीतरी करत असतं, हे विसरून चालत नाही. वेदनेतही डोपामिन आहेच. मिशिगनच्या गटाने दाखवलं की प्लासिबोने ज्यांना जास्त आराम पडतो, त्यांच्या मेंदूतल्या बक्षिसाच्या केंद्रात डोपामिनही जास्त सुटतं.

आता वनौषधीकडे येतो. चाचणीचा हिशोब साध्या वजाबाकीचा असतो. औषधाच्या गटातला आराम, वजा प्लासिबो गटातला आराम, बाकी उरला तो औषधाचा गुण. ही वजाबाकी खरी ठरायला दोन्ही गटांची अपेक्षा सारखी असावी लागते. म्हणून तर कोणाला काय मिळालं हे लपवायचं. पांढऱ्या रासायनिक गोळीची हुबेहूब नक्कल करणं त्या मानाने सोपं असतं. वनौषधीला वास असतो, कडूपणा असतो, रंग असतो, ढेकर येतो, लघवीचा किंवा शौचाचा रंग बदलतो. झोपेसाठी घेतात त्या व्हॅलेरियनच्या मुळीची बाटली उघडली की खोलीत कळतं. मिरचीतल्या कॅप्सायसिनच्या मलमाने कातडी जळजळते. जळजळ झालेल्याला आपल्याला काय मिळालं हे कुणी सांगावं लागत नाही.

मी काम केलेल्या एका सांधेदुखीच्या चाचणीत हेच झालं. कॅप्सूल रंगाने आणि आकाराने अगदी सारख्या होत्या. आम्ही त्या हातात घेऊन, वजन करून पाहिल्या होत्या, पण बाटलीचं झाकण उघडून नाक लावायचं कुणालाच सुचलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक बाई बाटली घेऊन आल्या. “डॉक्टर, बाहेर बसले होते तिथल्या ताईंच्या बाटलीला उग्र वास येतो. माझ्या बाटलीला काहीच नाही. मला खोटीच दिलीय ना?” मी म्हटलं, “काकू, कोणाला काय दिलंय ते मलाही माहीत नाही.” ते खरंच होतं. पण मी बाटली नाकाशी नेली आणि त्या क्षणी मला माहीत झालं. पहिल्या दोन भेटींत त्यांचं दुखणं उतरत गेलं होतं. त्या भेटीनंतर ते पुन्हा चढलं आणि तसंच राहिलं. एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही, सांधेदुखी चढउतार करतेच. पण ती बाटली मी अजून विसरलेलो नाही.

त्यांचं दुखणं चढण्याला शरीरात आधार आहे, म्हणून हे सांगितलं. आशा जाते तेव्हा फक्त एंडॉर्फिन थांबतात असं नाही. ‘आता दुखणार’ या धास्तीने कोलेसिस्टोकायनिन नावाचं द्रव्य कामाला लागतं, आणि ते अफूसदृश द्रव्यांच्या विरुद्ध काम करतं. बेनेदेत्तींच्या गटाने ते अडवणारं प्रोग्लुमाइड देऊन पाहिलं, तेव्हा धास्तीने वाढणारी वेदना थांबली. याला नोसिबो म्हणतात. त्यामुळे वास फुटला की फरक दोन्ही बाजूंनी वाढतो. औषधाच्या गटात आशेने आराम वाढतो, आणि तुलनेच्या गटात निराशेने दुखणं वाढतं.

किती फरक पडू शकतो, ते हिशोब मांडून दाखवतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. दुखणं 0 ते 100 मध्ये मोजतो आणि वनौषधीत गुण अजिबात नाही, शून्य, असं धरू. नुसते दिवस गेल्यामुळे दोन्ही गटांत दुखणं 10 अंकांनी कमी होतं. ‘मला खरं मिळालं’ अशी खात्री असलेल्याला अपेक्षेमुळे आणखी 16 अंकांचा आराम पडतो, नक्की कळत नसलेल्याला 8 अंकांचा, आणि ‘मला खोटं मिळालं’ असं वाटणाऱ्याला काहीच नाही. औषधाच्या गटातल्या 100 पैकी 60 जणांनी कडूपणावरून ओळखलं, 40 जण साशंक राहिले. त्या गटाचा अपेक्षेतून आलेला आराम सरासरी 12.8 झाला. तुलनेच्या गटात 50 जणांना खोटं असल्याचं कळलं, 50 साशंक राहिले. त्यांची सरासरी 4. दोन गटांत 8.8 अंकांचा फरक पडला. माणसामाणसांतली तफावत 20 अंकांची धरली, तर प्रत्येकी 100 जणांच्या चाचणीत हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर आरामात उतरतो. औषधात काहीही नसताना ‘वनौषधी प्रभावी’ असा निष्कर्ष छापून येईल, आणि कुणी खोटं बोललेलं नसेल.

उलट बाजूनेही घात होतो. वजाबाकीमागे असं गृहीत असतं की अपेक्षेचा आराम आणि औषधाचा आराम एकमेकांत ढवळाढवळ न करता नुसते बेरजेत येतात. तसं नसतं. 2011 साली उल्रिके बिंगेल आणि सहकाऱ्यांनी रेमिफेंटॅनिल या जोरदार वेदनाशामकाचा एकच डोस शिरेतून चालू ठेवला आणि फक्त प्रयोगातल्या निरोगी माणसांना सांगितलेली गोष्ट बदलली. ‘आता औषध सुरू केलं’ म्हटल्यावर आराम दुप्पट झाला. ‘औषध बंद केलं, आता दुखणं वाढेल’ म्हटल्यावर औषध चालू असूनही आराम पुसला गेला. औषध आणि अपेक्षा एकाच वाटेने चालत असतील, तर ती वाट अपेक्षेनेच भरून गेल्यावर औषधाला दाखवायला फारसं उरत नाही. मग खरा गुणसुद्धा वजाबाकीत बारीक दिसतो.

वेदनाशामकांच्या अभ्यासात यावर एक सुंदर तोड आहे. पंपाने शिरेतून औषध द्यायचं, पण केव्हा सुरू झालं ते रुग्णाला कळू द्यायचं नाही. उघड दिल्यावर किती आराम आणि लपून दिल्यावर किती, यातला फरक अपेक्षेचा. वनौषधीला ही तोड लागू होत नाही. काढा किंवा चूर्ण माणसाला नकळत गिळायला लावता येत नाही, आणि शिरेतून देता येत नाही. नॅलोक्सोन आणि पेट स्कॅनचे प्रयोगही मिनिटांचे किंवा तासांचे असतात, वनौषधीच्या चाचण्या आठ-बारा आठवड्यांच्या. तिसऱ्या महिन्यातला आराम एंडॉर्फिनचाच होता, हे आपण तासाभराच्या प्रयोगावरून ताडतो. त्या रुग्णात ते मोजलेलं नसतं.

आता तुम्ही वाचलेल्या ‘जवळपास सारखाच आराम’ या निकालाकडे. इथे मला सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीची 2002 सालची अमेरिकेतली चाचणी आठवते. मध्यम तीव्रतेच्या नैराश्याचे 340 रुग्ण आणि तीन गट: वनस्पतीचा अर्क, प्लासिबो, आणि सर्ट्रालिन हे प्रस्थापित औषध. आठ आठवड्यांनी पूर्ण प्रतिसाद प्लासिबो गटात 31.9 टक्के, वनस्पतीच्या गटात 23.9 टक्के आणि सर्ट्रालिनच्या गटात 24.8 टक्के. वनस्पती प्लासिबोपुढे टिकली नाही, अशी बातमी झाली. पण मुख्य मोजमापांवर सर्ट्रालिनही टिकलं नव्हतं. म्हणजे त्या चाचणीत, त्या रुग्णांत, प्लासिबोचा प्रतिसाद इतका होता की माहितीतला गुणही दिसत नव्हता. हे कळलं ते तिसरा गट होता म्हणून. पुढे त्याच आकडेवारीचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा आपल्याला खरं औषध मिळालं असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली, मग त्यांना प्रत्यक्षात काहीही मिळालेलं असो. अर्थात बरं वाटल्यामुळेच त्यांनी तसा अंदाज बांधला असेल, ही शक्यता राहतेच.

म्हणून अंदाज विचारायचा तो लवकर, पहिल्या आठवड्यात, दुखण्यात फरक पडायच्या आधी. आणि ‘कशावरून वाटतं?’ हेही विचारायचं. ‘वासावरून’ असं उत्तर आलं तर लपवाछपवी फुटली आहे. ‘गुडघा हलका वाटतो म्हणून’ असं आलं तर त्याचा अर्थ निराळा. चाचणीच्या शेवटी विचारलं की ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळून जातात. नक्कलही वासाची आणि चवीची करावी लागते. प्लासिबोच्या बाटलीत त्याच वनस्पतीची किंचित मात्रा घालायची, किंवा तशाच कडू पण त्या दुखण्यावर काम न करणाऱ्या पदार्थाने भरायची. कॅप्सायसिनच्या 8 टक्क्यांच्या पट्टीची चाचणी करताना तुलनेच्या पट्टीत 0.04 टक्के कॅप्सायसिन घातलं होतं, थोडी जळजळ दोघांनाही व्हावी म्हणून. त्यातही जोखीम आहेच. ती किंचित मात्रा स्वतः गुण करत असेल, तर आपण खरा फरक झाकून टाकतो.

प्लासिबो गटातला सगळा आराम प्लासिबोचा नसतो, हेही सांगायला हवं. माणूस चाचणीत येतो तो दुखणं कळसाला पोचल्यावर. तिथून ते आपोआप थोडं उतरणारच. हा भाग वेगळा काढायचा तर काहीच न दिलेला गट लागतो. 2001 साली हरोब्यार्टसन आणि ग्योट्शे यांनी असे गट असलेल्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा प्लासिबोचा फायदा रुग्णाने स्वतः सांगायच्या तक्रारींत, विशेषतः वेदनेत, थोडासा दिसला. बाकी ठिकाणी फारसा नाही. 2011 सालच्या दम्याच्या चाचणीत हे अगदी उघड दिसतं. खऱ्या इनहेलरने 50 टक्के सुधारणा वाटल्याचं रुग्णांनी सांगितलं, खोट्या इनहेलरने 45 टक्के, काहीच न दिल्यावर 21 टक्के. पण फुंकर मोजणाऱ्या यंत्रावर खऱ्या औषधाने सुमारे 20 टक्के वाढ झाली आणि इतर सगळ्यांत सुमारे 7 टक्के. श्वास मोकळा वाटला, नळ्या तितक्या उघडल्या नव्हत्या.

तुम्ही वाचलेल्या अहवालात मी आधी तीन गोष्टी शोधेन. ज्याचा गुण माहीत आहे अशा वेदनाशामकाचा तिसरा गट होता का, आणि तो तरी प्लासिबोच्या पुढे गेला का? गेला असेल आणि वनौषधी गेली नसेल, तर तिच्यात त्या मात्रेत सांगण्यासारखा गुण नाही असं मी म्हणेन. तोही गेला नसेल, तर चाचणीलाच फरक दिसत नव्हता, वनौषधीबद्दल ती काहीच सांगत नाही. दुसरं, प्लासिबोला वास आणि चव होती का, आणि रुग्णांचा अंदाज केव्हा विचारला? तिसरं, संमतीपत्रात खरं औषध मिळण्याची शक्यता किती सांगितली होती? हे तिसरं बहुतेक अहवालांत गट कसे वाटले त्या एका ओळीत दडलेलं असतं. तीनही गोष्टी सापडल्या तर इथेच कळवा, मग त्या निकालाबद्दल नेमकं बोलता येईल.